बँड किती बेसपेअरचा? पीसीआर जेलचा फोटो लॅडरच्या आधाराने वाचताना

पीसीआरच्या जेलचा फोटो समोर आला की नजर आधी आपल्या नमुन्याच्या लेनकडे जाते. तिथे एक ठळक रेघ दिसली की जीव भांड्यात पडतो आणि लॅडरकडे बघायचं राहून जातं, किंवा बघितलं तरी अंदाजाने बघितलं जातं. क्रम उलटा हवा. लॅडर कोणता, तो नीट पसरला आहे का, त्याचे कुठले बँड दिसतात आणि कुठले दिसत नाहीत, हे आधी ठरवावं. ते ठरेपर्यंत शेजारच्या लेनमधली रेघ कितीही देखणी असली तरी तिच्याविषयी काही बोलता येत नाही.

हे सगळं एका खऱ्या उदाहरणावर बघू. पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत नेहमी केला जाणारा एक प्रयोग आहे, पीव्ही ९२ नावाच्या जागेचा. माणसाच्या सोळाव्या गुणसूत्रावर या ठिकाणी काही जणांच्या डीएनएमध्ये सुमारे ३०० बेसपेअरचा एक ‘आलू’ तुकडा घुसलेला असतो, काहींच्यात नसतो. हा तुकडा सीडीएच १३ या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये बसतो, म्हणजे प्रथिनाच्या मजकुरात येत नाही. त्यामुळे तो असल्या-नसल्याने माणसाचं काही बिघडत नाही आणि विद्यार्थी स्वतःच्याच गालाच्या आतल्या पेशी घेऊन हा प्रयोग निर्धास्तपणे करू शकतात. शिकवण्यासाठी रूढ असलेल्या प्रायमरच्या जोडीने तुकडा असलेल्या गुणसूत्रापासून ९४१ बेसपेअरचा प्रॉडक्ट मिळतो आणि नसलेल्यापासून ६४१ चा. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं गुणसूत्र येतं, म्हणून निकाल तीनच: फक्त वरचा बँड, फक्त खालचा बँड, किंवा दोन्ही. कागदावर इतकं सोपं आहे. फोटोत मात्र कधी तीन बँड दिसतात, कधी खालचा बँड ६७० ला वाचला जातो, तर कधी वरचा असूनही दिसत नाही.

आधी लॅडर

या प्रयोगासाठी १०० बेसपेअरच्या टप्प्यांचा लॅडर आणि दीड ते दोन टक्क्यांचं अगॅरोज योग्य. एक किलोबेसचा लॅडर हाताशी आहे म्हणून तोच लावू नये. त्याचा एक बँड ५०० ला आणि पुढचा एकदम १००० ला असेल, तर आपले दोन्ही प्रॉडक्ट त्या मोकळ्या जागेत पडतात आणि मोजायला जवळचा आधारच उरत नाही.

लॅडरचे बँड ओळखण्यासाठी त्यातले एक-दोन मुद्दाम ठळक ठेवलेले असतात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच १०० च्या लॅडरमध्ये ५०० आणि १००० हे बँड इतरांपेक्षा उजळ असतात. पण काहींमध्ये ६०० चा उजळ असतो. फ्रीजमधला जुना लॅडर संपून नवा आला, बाटलीचा आकार तोच, आणि सवयीने उजळ बँडला ५०० धरलं की त्याच्या आसपासचं सगळं वाचन शंभराने चुकतं. ६४१ चा प्रॉडक्ट मग ५४० च्या जवळपास दिसू लागतो आणि विद्यार्थी प्रायमर चुकले म्हणून डोकं धरून बसतो. म्हणून लॅडरसोबत आलेलं चित्र फोटोशेजारी ठेवूनच वाचायला बसावं. ते चित्र हाताशी नसेल तर एक पडताळा उपयोगी पडतो. ५०० आणि १००० उजळ असलेल्या लॅडरमध्ये त्या दोन उजळ बँडच्या मध्ये बरोबर चार बँड असायला हवेत. चार मोजता आले नाहीत, तर एकतर जेल पुरेसं चाललेलं नाही किंवा आपण लॅडर चुकीचा ओळखला आहे.

मोजणी नेहमी उजळ बँडपासून वर आणि खाली करावी, तळापासून कधीही करू नये. सगळ्यात खालचा दिसणारा बँड १०० चाच असेल, याची खात्री नसते. जेल जास्त वेळ चाललं असेल तर १०० चा बँड बाहेर निघून गेलेला असतो. गेलेला नसला तरी तो अनेकदा इतका फिका असतो की फोटोत उमटत नाही. इथे इथिडियम ब्रोमाइडचीही एक गंमत आहे. डीएनए लाल, म्हणजे धन टोकाकडे धावतो, आणि इथिडियम स्वतः धन भाराचा असल्यामुळे उलट दिशेला सरकतो. रंग फक्त जेलमध्ये मिसळला असेल आणि बफरमध्ये नसेल, तर जेल चालता चालता त्याचा खालचा भाग रंगाविना होतो. छोटे बँड तिथेच असतात, म्हणून ते फिके पडतात. जेलची खालची पट्टी वरच्यापेक्षा काळी दिसली तर हेच झालं आहे असं समजावं. अशा वेळी जेल वीस-तीस मिनिटं रंगाच्या द्रावणात पुन्हा ठेवलं की हरवलेले बँड परत दिसतात.

नजरेने नको, मोजून

शेजारच्या लेनमधला बँड ‘६०० च्या जरा वर’ आहे, हे डोळ्यांना कळतं. पण जरा म्हणजे किती, ते मोजायला पाहिजे. त्यासाठी आधी फोटो सरळ करावा, वेल्सची ओळ आडवी येईल असा. मग प्रत्येक बँडचं अंतर वेलच्या पुढच्या कडेपासून बँडच्या पुढच्या, म्हणजे धन टोकाकडच्या कडेपर्यंत घ्यावं. मधोमध मोजलं तरी हरकत नाही, पण लॅडरला एक नियम आणि नमुन्याला दुसरा असं होता कामा नये.

छापलेल्या फोटोवर पट्टी ठेवून मोजता येतं. संगणकावर ImageJ वापरणं मात्र अधिक बरं. लेनच्या मधोमध वेलपासून तळापर्यंत सरळ रेघ ओढायची आणि Analyze > Plot Profile दिलं की उजेडाचा आलेख मिळतो. प्रत्येक बँडच्या जागी एक शिखर येतं आणि त्या शिखराचं अंतर पिक्सेलमध्ये वाचता येतं. पिक्सेलचे मिलिमीटर करत बसायची गरज नाही. पुढच्या हिशेबात अंतरांचं फक्त गुणोत्तर येतं, त्यामुळे एकक कुठलंही चालतं.

आता हिशेब. अगॅरोजच्या जाळीतून लहान तुकडे लवकर निघतात आणि मोठे अडखळत जातात. पण लांबी दुप्पट झाली म्हणून अंतर अर्धं होत नाही. ढोबळमानाने बँडने कापलेलं अंतर लांबीच्या लॉगॅरिदमशी सरळ रेषेत जातं. म्हणूनच लॅडरचे बँड फोटोत समान अंतरावर दिसत नाहीत. १०० आणि २०० मध्ये ऐसपैस जागा असते आणि ९०० व १००० एकमेकांना चिकटून उभे असतात.

समजा आपल्या फोटोत लॅडरचा ७०० चा बँड वेलपासून ४०.८ मिलिमीटरवर आहे, ६०० चा ४४.० वर, आणि नमुन्याच्या लेनमधला खालचा बँड ४२.६ वर. ६०० आणि ७०० मधलं अंतर ३.२ मिलिमीटर, आणि आपला बँड ६०० च्या १.४ मिलिमीटर मागे. स्प्रेडशीटच्या एका खणात हे असं टाकायचं:

```
=600*(700/600)^((44.0-42.6)/(44.0-40.8))
```

उत्तर येतं ६४२. अपेक्षा ६४१ ची होती.

इथे कुणी म्हणेल, लॉगॅरिदमची भानगड कशाला, सरळ प्रमाणाने काढलं तर? काढून बघा, ६४४ येतं. दोन बेसपेअरचा फरक, म्हणजे काहीच नाही. लॅडरचे टप्पे जवळजवळ असले की कुठलीही रीत चालते, आणि जवळच्या टप्प्यांचा लॅडर घ्यायचा तो त्यासाठीच. तेच ५०० आणि १००० मध्ये काहीच नसलेला लॅडर असेल आणि बँड बरोबर मधोमध असेल, तर सरळ प्रमाण ७५० सांगतं आणि लॉगॅरिदमचा हिशेब ७०७. तिथे मात्र रीत चुकली की उत्तर चुकतं.

पाठ्यपुस्तकांत एक वेगळी पद्धत दिलेली असते. सगळ्या लॅडरचा सेमी-लॉग कागदावर आलेख काढायचा, त्यातून एकच सरळ रेघ ओढायची आणि त्या रेघेवर आपला बँड वाचायचा. परीक्षेला ती चालते, पण कामाला मी ती सुचवणार नाही. लॅडरचे बिंदू खरं तर सरळ रेघेवर बसतच नाहीत. मोठ्या तुकड्यांच्या बाजूला रेघ वाकते, कारण तिथे लांबी वाढली तरी वेगात पडणारा फरक कमी होत जातो. वरच्याच फोटोत ५०० चा बँड ४८.० वर आणि १२०० चा ३१.३ वर होता. फक्त त्या दोघांना जोडणारी सरळ रेघ धरली तर आपला बँड ६६४ ला वाचला जातो, बावीस बेसपेअर जास्त. म्हणून बँडच्या लगत वरचा एक आणि खालचा एक असे लॅडरचे दोनच बँड घ्यावेत आणि बाकीच्यांना हिशेबात आणू नये.

मोजणी किती बारीक होऊ शकते, तेही माहीत असायला हवं. बँडला जाडी असते आणि त्याची कड धूसर असते. अर्ध्या मिलिमीटरचा इकडचा तिकडचा फरक सहज पडतो. या फोटोत ६४० च्या आसपास अर्धा मिलिमीटर म्हणजे साधारण १५ बेसपेअर. वरच्या बँडपाशी लॅडर दाटलेला आहे, त्यामुळे तिथे तेवढ्याच फरकाचे २५ ते ३० बेसपेअर होतात. म्हणजे या जेलवर ९४१ आणि ९२५ वेगळे सांगता येणार नाहीत. पीव्ही ९२ मध्ये दोन प्रॉडक्टमध्ये ३०० चा फरक आहे म्हणून आपलं भागतं. दहा-वीस बेसपेअरच्या फरकावर निकाल अवलंबून असेल, तर जेल जास्त टक्क्यांचं आणि लांब हवं, किंवा काम पॉलिअक्रिलमाइड किंवा कॅपिलरीवर न्यायला हवं. फोटो मोठा करून बघितल्याने जेलने न दाखवलेला फरक दिसू लागत नाही.

एक सवय आग्रहाने सांगावीशी वाटते. अपेक्षित आकार बघण्याआधी बँड मोजून आकडा लिहून ठेवावा. ६४१ डोक्यात ठेवून मोजायला बसलं की पट्टी आपोआप सोयीच्या कडेवर टेकते.

तिसरा बँड

दोन्ही प्रकारची गुणसूत्रं असलेल्या माणसाच्या लेनमध्ये वरचा बँड ३५.२ मिलिमीटरवर मिळाला. लॅडरचा ९०० चा बँड ३६.० वर आणि १००० चा ३४.२ वर आहे. हिशेब ९४३ देतो, म्हणजे ९४१ चा तुकडा. खालचा बँड ६४२ ला आहेच. पण त्याच लेनमध्ये आणखी वर, ३२.५ मिलिमीटरवर, एक फिकी रेघ आहे. तिचा आकार काढला तर १११० च्या आसपास येतो. आता हा कोण?

प्रायमर भलतीकडे बसून तयार झालेला प्रॉडक्ट, अशी शंका आधी येते. पण सगळ्या वर्गाच्या लेन एकत्र बघितल्या की एक गोष्ट लक्षात येते. हा तिसरा बँड दोन्ही बँड असलेल्या लेनमध्येच आहे. ज्यांच्यात फक्त ९४१ किंवा फक्त ६४१ आहे, त्यांच्या लेनमध्ये तो नाही. प्रायमरचा दोष असता तर तो माणूस बघून लागला नसता.

तो असा तयार होतो. पीसीआरच्या शेवटच्या फेऱ्यांत प्रॉडक्ट भरपूर साठलेला असतो आणि प्रायमर कमी पडू लागतात. तापमान उतरताना सुटे झालेले धागे प्रायमरची वाट न बघता एकमेकांनाच चिकटतात. कधी ९४१ चा एक धागा ६४१ च्या दुसऱ्या धाग्याला जोडला जातो. दोन्ही टोकं नीट जुळतात, पण मधल्या ३०० बेसना समोर जोडीदारच नसतो. त्यांचा एकेरी फुगा बाहेर लोंबत राहतो. असा गाठ पडलेला रेणू जाळीतून ओढताना सरळ ९४१ च्या रेणूपेक्षाही जास्त अडतो. म्हणून तो मागे राहतो आणि फोटोत वर दिसतो. याला हेटेरोड्युप्लेक्स म्हणतात. त्याच्यापुढे लिहिलेले १११० बेसपेअर ही कुठल्याही खऱ्या तुकड्याची लांबी नव्हे. लॅडरचे सगळे तुकडे सरळ, दुहेरी धाग्याचे असतात. त्यामुळे लॅडर फक्त तशाच डीएनएचा आकार सांगू शकतो. फुगा असलेला, वर्तुळाकार किंवा एकेरी धाग्याचा रेणू लॅडरशेजारी धावला तरी त्याचा आकडा खोटा असतो.

शंका राहिलीच तर खात्री करायला फारसं काही लागत नाही. एका ‘फक्त ९४१’ लेनचा आणि एका ‘फक्त ६४१’ लेनचा उरलेला पीसीआर प्रॉडक्ट समान मिसळावा. त्याचे दोन भाग करावेत. एक भाग ९५ अंशांवर काही मिनिटं ठेवून हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि दुसरा तसाच ठेवावा. दोन्ही शेजारी-शेजारी चालवावेत. न तापवलेल्या भागात दोनच बँड दिसतील आणि तापवून थंड केलेल्यात तिसरा उगवेल. तो नकोच असेल तर पीसीआरच्या फेऱ्या थोड्या कमी कराव्यात, किंवा प्रॉडक्ट पातळ करून ताज्या प्रायमरसह आणखी दोन-तीन फेऱ्या द्याव्यात.

न दिसणारा बँड

नसलेला तिसरा बँड दिसणं ही छोटी गडबड. असलेला दुसरा बँड न दिसणं जास्त महागात पडतं, कारण मग निकालच बदलतो.

रंग डीएनएच्या लांबीभर बसतो. म्हणून रेणूंची संख्या सारखी असेल तर ९४१ चा बँड ६४१ च्या सुमारे दीडपट उजळ दिसायला हवा. प्रत्यक्ष फोटोत मात्र दोन्ही बँड असलेल्या लेनमध्ये बहुधा खालचा ठळक आणि वरचा मंद असतो. छोटा तुकडा दर फेरीत पटकन पूर्ण होतो. मोठ्याला एक्सटेंशनचा वेळ कमी पडला, किंवा गालाच्या पेशींतून काढलेला डीएनए आधीच तुटका असला, की मोठा तुकडा मागे पडतो आणि फेरीगणिक हा फरक वाढत जातो. शेवटी वरचा बँड इतका क्षीण होतो की फोटोत येत नाही आणि दोन्ही असलेला माणूस ‘फक्त ६४१’ म्हणून नोंदला जातो.

म्हणून ‘फक्त ९४१’ या निकालावर मी ‘फक्त ६४१’ पेक्षा जास्त विश्वास ठेवतो. छोटा तुकडा असता तर तो दिसलाच असता. ‘फक्त ६४१’ म्हणणाऱ्या लेनमध्ये, विशेषतः तो बँडही मंद असेल तेव्हा, त्याच जेलचा आणखी एक फोटो जास्त एक्सपोजरने घ्यावा आणि ९४१ च्या जागेवर बारकाईने बघावं. तिथे पुसटशी रेघ दिसली तर एक्सटेंशनचा वेळ वाढवून आणि डीएनए नव्याने काढून पीसीआर पुन्हा करावा. ती हेटेरोड्युप्लेक्सची वरची रेघ इथे कामाला येते. ९४१ दिसत नाही पण ११०० च्या आसपास पुसट काहीतरी आहे, तर त्या नळीत मोठा तुकडा नक्की होता.

लोडिंग डायसुद्धा बँड झाकू शकतो. ब्रोमोफिनॉल ब्लू एक टक्क्याच्या जेलमध्ये साधारण ३०० बेसपेअरच्या जागी धावतो, दोन टक्क्यांच्या जेलमध्ये १५० च्या जवळपास. झायलीन सायनॉल त्याच्या बराच मागे असतो, आणि दोन टक्क्यांच्या जेलमध्ये तो ८०० ते १००० च्या पट्ट्यात येतो, म्हणजे नेमका आपल्या वरच्या बँडच्या दारात. हे रंग यूव्ही प्रकाशात गडद सावली टाकतात. सगळ्या लेनमध्ये एकाच उंचीवर काळसर पट्टा दिसत असेल तर तो डायचा आहे, आणि त्याखाली मंद बँड दडलेला असू शकतो. अशा जेलसाठी झायलीन सायनॉल नसलेला डाय घ्यावा.

बँड सरकतो तेव्हा

आता ६७० ला वाचल्या गेलेल्या बँडकडे येऊ. वर्गातल्या दहा लेनपैकी कडेच्या दोघांत खालचा बँड ६७० ला आणि बाकी सगळ्यांत ६४० ला येतो, तेव्हा डीएनए वेगळा असण्यापेक्षा जेल तापलेलं असण्याची शक्यता जास्त. व्होल्टेज जास्त ठेवलं की जेलचा मधला भाग गरम होतो आणि तिथल्या लेन पुढे पळतात. सगळ्या लेनचे बँड जोडले तर हसऱ्या ओठांसारखी कमान दिसते. कडेची लेन एक मिलिमीटर मागे राहिली तर या फोटोत आकार पाच टक्क्यांनी जास्त वाचला जातो, आणि ६४१ चे ६७० होतात ते असे. इलेक्ट्रोडमधल्या अंतराच्या दर सेंटिमीटरला पाच व्होल्ट हा हिशेब पाळला की सहसा हे होत नाही. झालंच असेल तर लॅडर दोन्ही बाजूंना आणि शक्य असल्यास मध्येही लावलेला असावा, म्हणजे प्रत्येक लेन जवळच्या लॅडरशी ताडून बघता येते. एक लेन वाया जाते म्हणून कुरकुर करणारे असतात, पण ती वाया जात नाही.

दुसरं कारण मिठाचं. पीसीआरचं मिश्रण क्षारांसकट वेलमध्ये जातं आणि लॅडर बहुतेक वेळा साध्या बफरमध्ये असतो. क्षार जास्त असलेल्या लेनमध्ये डीएनए जरा हळू चालतो. वीस मायक्रोलिटर नमुना आणि पाच मायक्रोलिटर लॅडर असं भरलं तर हा फरक ठळक होतो. लॅडरमध्ये पीसीआरचाच बफर आणि डाय घालून त्याचं आकारमान नमुन्याइतकं केलं की तुलना बरोबरीची होते.

डीएनए फार भरला तर बँड जाड होतो, त्याच्या पुढच्या कडेला कमान येते आणि तो पुढे झुकतो. जेलरेडसारखे रंग जेलमध्येच मिसळले असतील तर हा त्रास आणखी वाढतो आणि बँड लांबट पसरतात. इतका जाड बँड मोजायचा प्रयत्नच करू नये. नमुना पातळ करून पुन्हा चालवावा. फोटोत पूर्ण पांढरा, कडा फुगलेला बँड दिसला तर कॅमेऱ्याचं एक्सपोजरही जास्त झालेलं असू शकतं. तेव्हा आधी कमी एक्सपोजरने फोटो घेऊन बघावा.

तळाशी, १०० च्याही खाली, बहुतेक लेनमध्ये धूसर ढगासारखा पट्टा दिसतो. तो प्रायमर-डायमर, म्हणजे प्रायमर एकमेकांना चिकटून तयार झालेला कचरा. डीएनए न घातलेल्या निगेटिव्ह कंट्रोलमध्येही तो असतोच, आणि असला तरी बिघडत नाही. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये ६४१ किंवा ९४१ च्या जागी काही दिसलं, तर मात्र त्या दिवशीचा सगळा पीसीआर बाद. त्या जेलवरचं कुठलंही मोजमाप वहीत निकाल म्हणून जाऊ नये.

आकारावरून काय म्हणता येतं, याचीही हद्द आहे. ६४० चा बँड अपेक्षेइतक्या लांबीचा आहे, एवढंच जेल सांगतं. तो त्याच जागेचा आहे हे सांगत नाही. पीव्ही ९२ सारख्या घासूनपुसून तपासलेल्या प्रायमरना आकार पुरतो, कारण सोबत माहीत असलेल्या डीएनएचे कंट्रोल धावतात. नव्याने आखलेल्या प्रायमरचा पहिलाच प्रॉडक्ट असेल, तर तो बँड कापून सिक्वेन्सिंगला पाठवावा. तेवढी सोय नसेल तर प्रॉडक्टच्या अपेक्षित क्रमात ज्याची एकच जागा आहे असा रेस्ट्रिक्शन एन्झाइम लावून बघावा. अपेक्षित लांबीचेच दोन तुकडे पडले आणि त्यांची बेरीज मूळ आकाराइतकी आली, तर शंका बरीच फिटते.

वहीतली नोंद अशी असावी: ‘लेन ४: सुमारे ६४० आणि सुमारे ९४० बेसपेअर, वर अंदाजे ११०० ला हेटेरोड्युप्लेक्स, १०० चा लॅडर, ५०० व १००० उजळ, दीड टक्का अगॅरोज, टीएई, निगेटिव्ह कंट्रोल स्वच्छ.’ जेलने ६४१ सांगितलेलं नसतं, म्हणून ६४१ लिहू नये. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल, काँट्रास्ट न बदलता आणि वेल्स, लॅडर, निगेटिव्ह कंट्रोल यांतलं काही न कापता, तारखेसह जपून ठेवावी. वेल्स कापलेल्या फोटोवर अंतर कुठून मोजायचं हेच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी कुणी आकार विचारला तर जेल पुन्हा चालवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.